सतराव्या वर्षी ढकलत नेलेली मोटरसायकल

ताई, नमस्कार. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, बारावी कॉमर्सला. गेल्या महिन्यात रात्री साडेबाराला त्याने आणि तीन मित्रांनी गल्लीतल्या किराणा दुकानदाराची मोटरसायकल ढकलत नेली, वायर जोडून चालू केली, पेट्रोल संपेपर्यंत हायवेवर फिरवली आणि कालव्यापाशी टाकून दिली. सकाळी पोलीस दारात. चौघांतला एक एकोणीस वर्षांचा आहे. आमच्या घरात आजवर कुणी चौकीची पायरी चढलेलं नाही. ‘का केलंस?’ विचारलं की ‘माहीत नाही’ एवढंच म्हणतो. हे म्हणतात, कॉलेज बंद, सुरतेला काकांच्या गोदामावर पाठवतो. दीर म्हणतात, ओळखीच्या हवालदाराकडून एकदा धुऊन काढू, जन्मात परत करणार नाही. मला झोप नाही. आज गाडी, उद्या काय? हा गुन्हेगार होणार का?
– एक आई, सातारा जिल्हा

बहुधा नाही. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. असं का म्हणते ते सांगते, म्हणजे घरातल्या दोन पुरुषांशी बोलताना हाताशी काहीतरी असेल.

आधी त्या ‘माहीत नाही’बद्दल. मी सव्वीस वर्षं परिविक्षा अधिकारी होते. मुलं ‘प्रोबेशनवाल्या बाई’ म्हणायची. ‘का केलंस?’ विचारणं मी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच सोडून दिलं. मुलं खोटं बोलतात म्हणून नव्हे, त्यांना खरंच माहीत नसतं म्हणून. त्याऐवजी विचारायचे, ‘कोण कोण होतं? आधी हात कुणी लावला? तू कितवा बसलास?’ मग तोंड उघडायचं. एकाने सांगितलेलं अजून आठवतं: ‘मी नको म्हणणार होतो, पण तोवर तिघं बसले होते.’ त्याचं सगळं ‘का’ त्या वाक्यात होतं.

आता एक कागद घ्या. आडव्या रेषेवर वय लिहा आणि उभ्या रेषेवर त्या वयाच्या दर हजार मुलग्यांमागे किती जणांवर गुन्हा शाबीत झाला ते. दहाव्या वर्षापर्यंत रेघ जमिनीलाच चिकटलेली दिसेल. तेराव्या-चौदाव्या वर्षी ती उचलते, सतरा-अठराच्या आसपास माथा गाठते, विशीत भराभर खाली येते आणि तिशीनंतर लांबलचक उतार लागतो. एका बाजूने घाट चढावा आणि दुसऱ्या बाजूने पार पठारापर्यंत रमतगमत उतरावं, तशी. ही रेघ पहिल्यांदा नीट दाखवली ती अदोल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाने, १८३१ साली, फ्रान्समधल्या न्यायालयांचे आकडे घेऊन. त्याच्या आकड्यांत माथा पंचविशीच्या जवळ होता. पण माणूस गुन्हा करील की नाही हे ठरवण्यात वयाइतकं वजन दुसऱ्या कशालाही नाही, हे त्याने तेव्हाच म्हणून ठेवलं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला केतलेपेक्षा दक्षिण लंडनचा अभ्यास जास्त उपयोगी वाटतो. १९६१-६२ साली तिथल्या कामगार वस्तीतल्या सहा शाळांमधले आठ-नऊ वर्षांचे ४११ मुलगे घेतले आणि पुढे चाळीस वर्षं त्यांचा माग सोडला नाही. सुरुवात डोनाल्ड वेस्ट यांनी केली, पुढे डेव्हिड फॅरिंग्टन यांनी जन्मभर तेच काम केलं. आठव्या वर्षी भेटले, चौदाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या वर्षी भेटले आणि शेवटी अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही. दर खेपेला कोर्टाची नोंद एकीकडे आणि मुलाने स्वतः सांगितलेलं दुसरीकडे.

त्यांचा माथाही सतराव्या वर्षी. पन्नाशीपर्यंत ४११ पैकी ४१ टक्क्यांवर कधी ना कधी गुन्हा शाबीत झाला होता. आणि बत्तिसाव्या वर्षी त्यांना स्वतःलाच विचारलं, कोर्टात जाऊ शकलं असतं असं काही तुम्ही केलंत का, तेव्हा ९६ टक्के हो म्हणाले. दुकानातून उचललेलं, मारामारी, न विचारता नेलेली गाडी. म्हणजे त्या वस्तीत कधीच काही न केलेला मुलगा शोधायला दिवा घेऊन फिरावं लागलं असतं. (तुमच्या यजमानांना एकदा एकांतात विचारून बघा. माझ्या यजमानांनी लग्नानंतर वीस वर्षांनी, पाहुणे असताना, गावच्या यात्रेतली एक गोष्ट सांगितली. ती मी इथे लिहिणार नाही.)

पण याच ४११ मधल्या फक्त ७ टक्के मुलग्यांनी शाबीत गुन्ह्यांपैकी जवळजवळ निम्मे केले होते. हे दोन आकडे एकत्र ठेवून पाहायला हवेत. माथा उंच दिसतो तो प्रत्येक मुलगा सतराव्या वर्षी जास्त गुन्हे करायला लागतो म्हणून नव्हे. तो उंच दिसतो कारण त्या वयात खूप नवी मुलं थोड्या वेळासाठी आत येतात, एक-दोन उद्योग करतात आणि निघून जातात. चौथीतही मारकुटी असलेली आणि चाळिशीतही तुरुंगाच्या वाऱ्या करणारी माणसं वेगळी आणि मोजकी. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली हा फरक मांडला: एक किशोरवयापुरती, दुसरी आयुष्यभराची. एखाद्या शुक्रवारी रात्री चौकीत दोघं शेजारी बसलेले असतील, तर नुसतं बघून ओळखता येत नाहीत. एकच वय, एकच गुन्हा.

मग ही थोड्या वेळासाठी येणारी मुलं येतात तरी का? मॉफिटबाईंचं उत्तर मला पटतं. शरीर चौदाव्या वर्षी मोठं होतं, मोठेपणाचे हक्क मात्र पाच-सात वर्षांनी मिळतात. पैसा, गाडी, रात्री बाहेर राहणं, स्वतःचं स्वतः ठरवणं, हे सगळं डोळ्यासमोर दिसतं पण हाताला लागत नाही. मधल्या त्या दरीत, ज्याला हे सगळं आधीच मिळालंय असं वाटतं, त्या टवाळ पोराची नक्कल होते. तुमच्या मुलाने काय चोरलं ते बघा. विकायला काही नेलं नाही. रात्र, रस्ता आणि वेग घेतला, पेट्रोल संपल्यावर गाडी टाकून दिली. लंडनच्या मुलांनीही बाकीच्या चोऱ्यांची कारणं पैशाची सांगितली, पण गाड्या पळवण्याचं कारण बहुतेकदा मजा आणि थरार हेच दिलं.

दुसरी बाजू मेंदूची आहे आणि तिच्यावर एक छान प्रयोग आहे. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी लोकांना कॉम्प्युटरवर गाडीचा खेळ दिला. सिग्नल पिवळा होतो, जितकं पुढे जाल तितके गुण, पण कधीतरी अचानक लाल होतो आणि समोर भिंत येते; तोवर थांबला नाहीत तर सगळे गुण गेले. तेरा ते सोळा वयाची मुलं, अठरा ते बावीसची आणि चोविशीच्या पुढची माणसं, असे तीन गट. काहींना एकटं बसवलं, काहींच्या मागे त्यांचे दोन मित्र उभे केले. एकटी असताना मुलं मोठ्यांहून फारशी वेगळी वागली नाहीत. मित्र मागे उभे राहिले की लहान गटाची जोखीम जवळपास दुप्पट झाली, मधल्या गटाची साधारण दीडपट झाली आणि मोठ्यांवर काही परिणामच झाला नाही. म्हणजे गाडी पळवणं चूक आहे हे तुमच्या मुलाला कळत नव्हतं असं नाही. एकटा असता तर तो त्या गाडीजवळून सरळ घरी आला असता. बक्षिसाची ओढ या वयात जोरात असते, ब्रेक मात्र विशीच्या मध्यापर्यंत बसत राहतो, आणि शेजारी दोस्त असला की ती ओढ आणखी वाढते. लंडनमध्येही कमी वयातले गुन्हे बहुतेक टोळक्याने झालेले दिसले. वय वाढलं तसं ज्यांनी चालू ठेवलं, ते एकटे करायला लागले.

पण सगळं मेंदूवर टाकून मोकळं होऊ नका. मेंदू तर जगभर सारखाच पिकतो. १९८३ साली ट्रॅव्हिस हर्शी आणि मायकल गॉटफ्रेडसन या दोघांनी असा दावा केला की ही रेघ सगळ्या देशांत, सगळ्या काळांत एकसारखीच असते. पुष्कळ वर्षं तो दावा टिकला. मग डॅरेल स्टेफेन्समायर आणि सहकाऱ्यांनी तैवानचे आकडे काढले, तर माथा किशोरवयात नव्हताच. तो विशीच्या शेवटाकडे आणि तिशीच्या सुरुवातीला होता, शिवाय पसरट. भारताच्या अटकांचे आकडे पाहिले तेव्हाही अमेरिकेसारखं टोक दिसलं नाही. शिखर उशिरा, उतार सौम्य. आपले सरकारी तक्ते अटक झालेल्यांना अठरा ते तीस अशा एकाच मोठ्या पिशवीत टाकतात, त्यामुळे एकेका वर्षाची बारीक रेघ त्यातून निघत नाही. पण अठराच्या आतल्या मुलांत काय होतं ते स्पष्ट दिसतं: ताब्यात घेतलेल्या दर चारांपैकी साधारण तीन सोळा ते अठरा वयाचे असतात.

तैवानमध्ये असं का? तिथलं पोर शाळेतून शिकवणीला, शिकवणीतून घरी. मोठ्या माणसाच्या नजरेबाहेर, काही काम नसताना, मित्रांच्या घोळक्यात जाणारा त्याचा वेळ फार थोडा. चढ कुठे लागतो आणि किती उभा, हे ठरवण्यात या मोकळ्या वेळेचा मोठा हात आहे. त्या रात्री साडेबाराला चार पोरं रस्त्यावर होती. मला गाडीपेक्षा ते साडेबारा जास्त खटकले.

तुमचा मुलगा त्या सात टक्क्यांतला आहे का, हे आता तुमचं तुम्हीच तपासा. लंडनमध्ये पहिल्यांदा दहा ते तेरा वयात शाबीत झालेल्यांचेच गुन्हे सर्वांत जास्त झाले आणि सर्वांत लांब चालले. आठ-दहा वर्षांचे असतानाच शाळेत त्यांची तक्रार असे, अभ्यासात मागे, बेधडक, घरात हात उगारणं आज कडक तर उद्या काहीच नाही असं, पोर कुठे आहे हे कुणाला ठाऊक नाही, आणि बऱ्याचदा बाप किंवा भाऊ आधीच कोर्टात जाऊन आलेला. तुमच्या मुलाचं प्राथमिक शाळेतलं प्रगतिपुस्तक काढा, वर्गशिक्षकांचे शेरे वाचा. तिसरी-चौथीपासून मारामाऱ्या, एकट्याने केलेल्या चोऱ्या, घरीदारी सगळीकडे तेच वागणं, असं काही असेल तर समुपदेशकाकडे लगेच जा. ते काही नसेल आणि सोळाव्या-सतराव्यातच, मित्रांसोबतच आणि रात्रीच घडलं असेल, तर तो माथ्यावरचा पाहुणा आहे.

आणि शेरे वाईट निघाले तरी कपाळाला हात लावू नका. बॉस्टनमधली, सुधारगृहांत ठेवलेली ५०० मुलं शेल्डन आणि एलेनॉर ग्लूक या नवरा-बायकोने अभ्यासली होती. त्यांचे कागद हार्वर्डच्या ग्रंथालयाच्या तळघरात धूळ खात पडले होते. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाउब यांनी ते उघडले आणि त्या माणसांचा सत्तरीपर्यंत माग काढला. बालपणी ज्यांची लक्षणं सर्वांत वाईट होती, त्यांचीही रेघ अखेर खाली आली. कोण केव्हा थांबेल, हे लहानपणीच्या कुठल्याही खुणेवरून सांगता आलं नाही. कुणाला लग्नाने थांबवलं, कुणाला बऱ्या नोकरीने, कुणाला सैन्याने.

म्हणजे आपोआप उतरेल म्हणून गप्प बसायचं का? अजिबात नाही. मॉफिटबाईंनीच लिहिलंय की काही जण उतरता उतरता सापळ्यात अडकतात: शिक्षण तुटतं, दारू-गांजा लागतो, पोलिसी नोंद होते. मग परत यायची वाट बंद होते. तुमच्या घरात सध्या जे दोन उपाय घाटतायत, ते या सापळ्यांच्या अगदी जवळ आहेत.

दिरांचा उपाय बेकायदेशीर आहे, ते सोडाच. त्याने उलटंच होतं. लंडनमध्ये चौदा ते अठरा वयात शाबीत झालेल्या मुलांची तुलना, तितकंच करून न सापडलेल्या मुलांशी केली गेली. सापडलेल्यांचे उद्योग नंतर वाढले आणि पोलिसांबद्दलची चीडही वाढली. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दम देण्याचे कार्यक्रम निघाले होते. नीट चाचण्या घेतल्या तेव्हा न गेलेल्या मुलांपेक्षा गेलेल्यांनीच पुढे जास्त गुन्हे केले. पट्टा खाऊन आलेलं पोर दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर हिरो असतं, हे मी आमच्याकडेही पाहिलंय.

तुमच्या यजमानांचं मात्र निम्मं बरोबर आहे. लंडन सोडून गेलेल्या मुलांचे गुन्हे खरोखरच कमी झाले. टोळकं सुटलं की पुष्कळ काही सुटतं. पण शाळा सोडून बेकार राहण्याच्या काळात त्याच मुलांच्या पैशासाठीच्या चोऱ्या वाढत होत्या. गोदामावर बारावी नापासाचा शिक्का घेऊन गेलेला मुलगा उद्या काम सुटलं तर कुठे जाणार? तेव्हा परीक्षा होऊ द्या. सुट्टी लागली की पाठवा काकांकडे दोन महिने, खुशाल. तोवर गाव नका बदलू, रात्र बदला. साडेनऊला घरी. उशीर झाला तर कुठे आणि कोणाबरोबर, हे आधी सांगायचं. मित्रांना तोडू नका. घरी येऊ द्या, चहा करून द्या, चेहरे ओळखीचे होऊ द्या. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबर रात्री बाहेर पडायचं नाही, एवढं एकच स्पष्ट सांगा.

आता कागदपत्रं. फिरायलाच नेली होती, परत ठेवणार होतो, या बचावावर विसंबू नका. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलाच्या एका प्रशिक्षणार्थीला परवानगीशिवाय विमान उडवून नेल्याबद्दल चोरीचाच दोषी ठरवलं. थोड्या वेळासाठी नेलं तरी ती चोरी. एरवी अठराच्या आतल्या मुलावर अशा गुन्ह्यात एफआयआर होत नाही, पण सज्ञान साथीदार असला की होतो, आणि तुमच्याकडे तो आहे. घाबरू नका. त्या मुलाचा खटला नेहमीच्या कोर्टात चालेल, तुमच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. तिथे एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवी सदस्य असतात. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणून २०१५च्या कायद्यात हा किरकोळ गुन्हा धरला जातो. चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपायला हवी. नाही संपली तर प्रकरण बंद होतं. मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवेचं काम सांगू शकतं. प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी ही नोंद कुणाला द्यायची नाही आणि पुढच्या नोकरीला तिच्यामुळे अपात्रता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. सापळ्यातली सर्वांत वाईट कडी कायद्याने आधीच सैल केलीय. ती दिरांनी पुन्हा आवळायला नको.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. त्यांच्याशी बोलून, मुलाला सोबत घेऊन दुकानदाराकडे जा. वायरिंगचा खर्च तुम्ही पाकिटातून काढून देऊ नका. रविवारी सकाळी दुकानात गोणी उतरवून, पुड्या बांधून तो त्याचा त्यालाच फेडू दे. माझ्याच ओळखीतली एक परिविक्षा अधिकारी सांगते की असं फेडणाऱ्या मुलांच्या अहवालात तिला चार ओळी जास्त लिहाव्या लागतात आणि त्या लिहायला आवडतात. हा सामाजिक तपासणी अहवाल मंडळ मागवतंच. त्यासाठी अधिकारी घरी आले की जे आहे ते सांगा, प्रगतिपुस्तकही दाखवा.

मंडळापुढे जाताना दहावीचं प्रमाणपत्र मूळ न्या, झेरॉक्सवर भागवू नका. वयाचा पुरावा म्हणून कायद्यात शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी धरतात, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. अठरा पूर्ण व्हायला किती महिने बाकी होते हे त्या कागदावर दिसतं, आणि तुमच्या मुलाचं सगळं प्रकरण त्या महिन्यांवर उभं आहे. ते प्रमाणपत्र कपाटातून आजच काढून ठेवा.